मिलिमीटरचे लिटर कसे होतात?

दूध आपण लिटरने मोजतो, तांदूळ किलोने मोजतो, कापड मीटरने मोजतो. पाऊस म्हणजे पाणी. मग तो लिटरने मोजायला हवा. पण पावसाळ्यात कोणतीही बातमी ऐका किंवा वाचा, "गेल्या चोवीस तासांत ३८ मिलिमीटर पाऊस झाला" असेच सांगितलेले असते. मिलिमीटर हे तर लांबीचे एकक! पाण्याला लांबी कुठली?

वर्गात हा प्रश्न विचारला, की बहुतेक वेळा "पर्जन्यमापकात तेवढी उंची भरते" असे उत्तर येते. उत्तर चूक नाही, पण त्यातून लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. कोणत्या पर्जन्यमापकात? मोठ्या तोंडाच्या भांड्यात पाणी जास्त पडेल, लहान तोंडाच्या भांड्यात कमी पडेल. मग उंची कोणाची खरी?

याचे उत्तर घरीच मिळवा. सरळ बाजूंचे तीन डबे घ्या: एक दुधाच्या पावडरीचा, एक तेलाचा वरचे झाकण पूर्ण कापलेला, आणि एखादे उभट पातेले. तिघांची तोंडे वेगवेगळ्या आकाराची असू द्या, पण प्रत्येक भांडे तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीचे हवे. अंगणात मोकळ्या जागी ते सपाट ठेवा आणि एक सर येऊन गेल्यावर पट्टी बुडवून पाण्याची उंची मोजा. तिन्ही डब्यांत उंची जवळजवळ सारखीच भरेल. दुप्पट क्षेत्रफळाच्या तोंडात दुप्पट पाणी पडते हे खरे, पण ते दुप्पट क्षेत्रफळाच्या तळावर पसरते. म्हणून उंची तीच राहते. एखादी बादली मात्र चौथ्या जागी ठेवून पाहा. बादलीचे तोंड रुंद आणि तळ अरुंद असतो. रुंद तोंडाने गोळा केलेले पाणी अरुंद तळावर उभे राहते आणि उंची खोटीच जास्त दिसते. "आमच्याकडे काल बादलीत इतके इंच पाऊस पडला" असे कोणी सांगितले, तर त्याला बादलीचा आकार अवश्य विचारा.

म्हणजे पावसाची उंची ही भांड्याची नव्हे, त्या जागेची गोष्ट आहे. ३८ मिलिमीटर पाऊस झाला याचा अर्थ असा, की पडलेले पाणी कुठे वाहून गेले नसते, जमिनीत मुरले नसते, वाफ होऊन उडाले नसते, तर सपाट जमिनीवर ३८ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर साचला असता. हा थर अंगणावर असतो, शेतावर असतो आणि आपल्या घराच्या छपरावरही असतो. त्याचे लिटर करायचे, तर तो किती जागेवर पसरला आहे एवढेच कळायला हवे.

गणित सोपे आहे. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागा घ्या. तिचे क्षेत्रफळ १०० × १००, म्हणजे १०,००० चौरस सेंटीमीटर. तिच्यावर १ मिलिमीटर, म्हणजे ०.१ सेंटीमीटर पाणी उभे आहे. घनफळ झाले १०,००० × ०.१ = १,००० घनसेंटीमीटर. आणि १,००० घनसेंटीमीटर म्हणजे बरोबर १ लिटर! एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणून

लिटर = चौरस मीटर × मिलिमीटर

मध्ये कोणताही गुणक नाही, दशांशचिन्ह हलवणे नाही. हा सोपेपणा दशमान पद्धतीची देणगी आहे. घरातली जुनी माणसे अजून "दोन इंच पाऊस झाला" म्हणतात, आणि घर बांधणारा गवंडी चौरस फुटांत किंवा ब्रासमध्ये बोलतो. त्यांच्यासाठी इतके ध्यानात ठेवा: १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, अर्थात ९.२९ चौरस मीटर. तेव्हा एका ब्रासवर एक इंच पाऊस म्हणजे ९.२९ × २५.४, सुमारे २३६ लिटर.

सूत्र एवढेच आहे. आता गंमत पुढे आहे. कारण या सूत्रात घालायचे दोन्ही आकडे चुकीचे घालणे फार सोपे असते, आणि दोन्ही बरोबर घातले तरी टाकीत तेवढे पाणी येत नाही.

कोकणातले एक कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. मध्ये आढे, दोन्ही बाजूंना उतरती पाखी, खाली वळचण. भिंतींच्या आतले माप ८ मीटर × ५ मीटर. वळचण चारही बाजूंना भिंतीबाहेर अर्धा मीटर आलेली. पाख्यांचा उतार ३० अंशांचा. दोन्ही वळचणींना पन्हळी लावल्या आहेत आणि त्यांचे पाणी एका झाकलेल्या टाकीत सोडले आहे. (भिंतींची जाडी या ८ आणि ५ मध्येच धरली आहे, असे समजू.) एके दिवशी पाऊस झाला ३८ मिलिमीटर. छपरावर किती लिटर पाणी पडले?

हा प्रश्न तीन मुलांना घातला, तर तीन उत्तरे येऊ शकतात. पहिला म्हणतो, घर ८ × ५, म्हणजे ४० चौरस मीटरचे. म्हणून ४० × ३८ = १,५२० लिटर. दुसरा जरा जास्त कष्टाळू आहे. तो शिडी लावून वर चढतो आणि आढ्यापासून वळचणीपर्यंत कौलांवरून टेप धरतो. त्याला प्रत्येक पाखे ९ मीटर लांब आणि ३.४६ मीटर रुंद मिळते. दोन पाख्यांचे क्षेत्रफळ झाले सुमारे ६२.३ चौरस मीटर, आणि पाणी २,३६७ लिटर. तिसरी मुलगी वर चढतच नाही. ती पावसात भिजलेल्या अंगणात उभी राहून वळचणीच्या टोकाखालून टोकाखालपर्यंत माप घेते: ९ मीटर आणि ६ मीटर. क्षेत्रफळ ५४ चौरस मीटर. पाणी ५४ × ३८ = २,०५२ लिटर.

बरोबर कोण? पहिल्याचे माप उघडच अपुरे आहे. पाऊस भिंतीवर नव्हे, कौलांवर पडतो, आणि वळचणीच्या अर्ध्या मीटरवर पडणारे पाणीही पन्हळीतच येते. अर्धा मीटर क्षुल्लक वाटतो, पण चारही बाजूंनी मिळून तो १४ चौरस मीटर होतो, म्हणजे पहिल्याच्या मापाच्या एक तृतीयांशाहून अधिक!

दुसऱ्याची चूक मात्र विचार करण्यासारखी आहे. कौले तर खरोखरच ६२ चौरस मीटर जागेवर पसरली आहेत. ती सगळी भिजतात. मग तेवढे क्षेत्रफळ का धरायचे नाही? एक वही घ्या. पावसाच्या सरळ पडणाऱ्या सरीखाली ती आडवी धरा. तिच्यावर बरेच थेंब पडतील. ती तिरपी करा. थेंब कमी होतील. अगदी उभी धरा. कडेवर पडतील तेवढेच थेंब तिला लागतील. वहीचे क्षेत्रफळ तेच होते, बदलला तो तिने आडवा झाकलेला भाग. छपरावर पाणी किती पडते हे छप्पर किती जमीन झाकते यावर ठरते. सूर्य बरोबर डोक्यावर असता तर छपराची जेवढी सावली जमिनीवर पडली असती, तेवढेच आपले क्षेत्रफळ. उतार वाढवला, की कौले जास्त लागतात, पाणी वाढत नाही. ३० अंशांच्या उताराला तिरपे माप आडव्या मापाच्या सुमारे १.१५ पट असते, म्हणून दुसऱ्याचे उत्तर पंधरा टक्क्यांनी फुगले.

तिसऱ्या मुलीने अंगणात माप कसे घेतले, हेही पाहण्यासारखे आहे. ज्या घराला पन्हळ नाही तिथे वळचणीच्या पागोळ्या पडून जमिनीवर खळग्यांची सरळ रेघ उमटते. ही रेघ म्हणजे निसर्गाने जमिनीवर काढून ठेवलेला छपराचा आराखडाच होय. या रेघेपासून त्या रेघेपर्यंत टेप धरा, वर चढण्याची गरज नाही. ओल्या कौलांवर चढू तर मुळीच नका. पन्हळी असतील, तर वळचणीच्या टोकावरून ओळंबा सोडा आणि तो जिथे टेकेल तिथे खूण करा.

इथे एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील, की कोकणात पाऊस सरळ कुठे पडतो? नैर्ऋत्येची झड आली की तो तिरपाच येतो. शंका रास्त आहे. तिरप्या पावसात वाऱ्याकडच्या पाख्यावर जास्त पाणी पडते आणि आडोशाच्या पाख्यावर कमी. पण एकाने गमावलेले दुसऱ्याने मिळवलेले असते. दोहोंची बेरीज साधारण तीच राहते. म्हणून दोन्ही पाख्यांना पन्हळ असेल, तर आपले ५४ चौरस मीटर चालतील. एकाच पाख्याला पन्हळ असेल, तर मात्र "निम्मे छप्पर म्हणून २७ चौरस मीटर" हा हिशेब वाऱ्याच्या दिवशी चुकेल. पन्हळ लावायला एकच बाजू निवडायची असेल, तर कोणती निवडावी हे आता सांगायला नको.

क्षेत्रफळ झाले. आता मिलिमीटरकडे वळू. ३८ हा आकडा आणला कोठून? तालुक्याच्या गावी पर्जन्यमापक असतो, त्याचा आकडा वर्तमानपत्रात येतो. पण तालुक्याचे गाव आपल्या छपरापासून वीस किलोमीटर दूर असू शकते, आणि पावसाला तालुक्याच्या सीमा ठाऊक नसतात. २६ जुलै २००५ या दिवसाची नोंद पाहा. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला तो सुमारे ७४ मिलिमीटर होता. आपले ५४ चौरस मीटरचे छप्पर सांताक्रूझला असते, तर त्यावर सुमारे ५१,००० लिटर पाणी पडले असते. कुलाब्याला असते, तर सुमारे ४,००० लिटर. एकाच शहरात, एकाच दिवशी! हे टोकाचे उदाहरण झाले. पण वर्षाच्या बेरजेसाठी तालुक्याचा आकडा चालत असला, तरी एका दिवसाच्या हिशेबासाठी तो धरू नये, हे त्यावरून कळेल.

तेव्हा अंगणातच डबा ठेवा. त्याच्यापासून घर आणि झाडे त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवीत, नाहीतर त्यांच्या आडोशाने पाऊस कमी भरतो किंवा पानांवरचे थेंब ठिबकून जास्त भरतो. डब्याचे तोंड जमिनीपासून सुमारे ३० सेंटीमीटर उंच ठेवा, म्हणजे चिखलाचे शिंतोडे आत उडणार नाहीत. तोंडावर बरोबर त्याच मापाचे नरसाळे बसवले, तर उन्हाने पाणी उडून जाण्याचे प्रमाण कमी होते.

डब्यात पट्टी बुडवून ४ मिलिमीटर आणि ५ मिलिमीटर यांतला फरक ओळखणे अवघड असते. पण ते पाणी एका अरुंद, सरळ बाटलीत ओता. डब्याचा व्यास १२ सेंटीमीटर आणि बाटलीचा आतला व्यास ३ सेंटीमीटर असेल, तर क्षेत्रफळांचे प्रमाण १६ होते, आणि डब्यातला १ मिलिमीटर बाटलीत १६ मिलिमीटर उंच दिसतो. वेधशाळेतल्या साध्या पर्जन्यमापकाबरोबर मिळणाऱ्या मोजपात्रातही हीच युक्ती आहे. सरकारी पर्जन्यमापकाचे मोजपात्र आपल्या डब्यासाठी वापरू नका मात्र, कारण ते त्याच्याच तोंडाच्या मापाने आखलेले असते.

वेळेचीही एक गोम आहे. आपल्याकडे पाऊस रोज सकाळी साडेआठ वाजता मोजतात आणि ज्या सकाळी मोजला त्या तारखेला मांडतात. म्हणजे १२ जुलैच्या सकाळी वाचलेले ३८ मिलिमीटर हे बहुतांशी ११ जुलैचे असतात. टाकी मात्र तुम्ही रात्री झोपताना मोजत असाल, तर एका दिवसाचा पाऊस आणि दुसऱ्या दिवसाचे पाणी यांची जोडी लागते आणि हिशेब कधीच जुळत नाही. डबा आणि टाकी, दोन्ही सकाळी साडेआठला मोजा.

आता आपल्या घराची टाकी पाहू. तिचा तळ आतून २ मीटर × १.५ मीटर, म्हणजे ३ चौरस मीटर आहे, आणि ती १.८ मीटर खोल आहे. पूर्ण भरली तर ५,४०० लिटर. तळ ३ चौरस मीटरचा असल्याने पाणी १ सेंटीमीटर चढले, की ३० लिटर जमा झाले. ३८ मिलिमीटर पावसानंतर काठी बुडवून पाहिले, तर पाणी ५८ सेंटीमीटर चढलेले दिसले. ५८ × ३० = १,७४० लिटर.

हा आकडा आपल्या तीन उत्तरांशेजारी ठेवा. पहिल्या मुलाच्या मते छपरावर १,५२० लिटर पडले. टाकीत तर १,७४० आले! पडल्यापेक्षा जास्त पाणी छप्पर देऊच शकत नाही, तेव्हा त्याची चूक टाकीनेच पकडून दिली. दुसऱ्याच्या २,३६७ लिटरांपैकी १,७४० म्हणजे ७३ टक्के मिळाले, तिसरीच्या २,०५२ पैकी ८५ टक्के. दुसऱ्याची चूक टाकी पकडू शकत नाही. तो छपराला किंवा पन्हळीला दोष देईल आणि नसलेली गळती शोधत बसेल. गुणोत्तर १ पेक्षा जास्त आले तर चूक नक्की समजा, पण १ पेक्षा कमी आले म्हणून माप बरोबर असे मानू नका.

बाकीचे पंधरा टक्के कोठे गेले? "छपराचा गुणांक ०.८५ असतो" असे पुस्तकात वाचायला मिळते, आणि बरेच जण तो आकडा सगळ्या दिवसांना लावतात. तो असा लावता येतो का, हे आपल्याच टाकीवर पाहू. समजा, निरनिराळ्या दिवशी असे मोजमाप मिळाले: ५ मिलिमीटर पावसाला पाणी ५ सेंटीमीटर चढले, म्हणजे १५० लिटर. १२ मिलिमीटरला १६ सेंटीमीटर, ४८० लिटर. २० मिलिमीटरला २९ सेंटीमीटर, ८७० लिटर. आणि ३८ मिलिमीटरला १,७४० लिटर, हे आपल्याला ठाऊकच आहे. छपरावर पडलेल्या पाण्याशी प्रमाण काढा. ५ मिलिमीटरच्या दिवशी २७० पैकी १५०, म्हणजे ५६ टक्केच. १२ ला ७४ टक्के. २० ला ८१ टक्के. ३८ ला ८५ टक्के. गुणांक स्थिर नाही, तो पावसाबरोबर वाढतो आहे.

असे का व्हावे? आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर मिलिमीटर आणि उभ्या अक्षावर लिटर मांडा. चारही बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेवर येतात, पण ती रेषा शून्यातून जात नाही. ती आडव्या अक्षाला सुमारे २ मिलिमीटरवर छेदते. याचा अर्थ, पहिले २ मिलिमीटर टाकीत येतच नाहीत. ते कौले पितात. त्यापुढच्या प्रत्येक मिलिमीटरला ५४ ऐवजी सुमारे ४८ लिटर मिळतात. उरलेले सहा थेंबांचे तुषार उडून, वाऱ्याने आणि पन्हळीच्या सांध्यांतून जातात. आपल्या घराचे सूत्र झाले:

टाकीतले लिटर = ४८ × (मिलिमीटर − २)

३८ घालून पाहा: ४८ × ३६ = १,७२८. मोजलेले १,७४० होते.

कौले खरेच इतके पाणी पितात का? एक मंगलोरी कौल उन्हात चांगले वाळवून वजन करा, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. समजा, वजन २०० ग्रॅमने वाढले. एक चौरस मीटर छपराला अशी साधारण १५ कौले लागतात. १५ × २०० = ३,००० ग्रॅम, म्हणजे ३ लिटर; आणि एका चौरस मीटरवर ३ लिटर म्हणजे ३ मिलिमीटर पाऊस. मेच्या उन्हाने तापलेल्या छपरावर जूनची पहिली हलकी सर आली, की पन्हळ कोरडी का राहते, त्याचे उत्तर या वजनात आहे. जुलैच्या संततधारेत कौले आधीच तृप्त असतात, तेव्हा हे २ मिलिमीटर जवळजवळ शून्यावर येतात. पत्र्याच्या छपराला पिणे माहीत नाही, तिथे हा छेद शून्याच्या अगदी जवळ असतो. सिमेंटच्या सपाट गच्चीवर मात्र तो मोठा असू शकतो, कारण उतार नीट नसेल तर खळग्यांत पाणी साचून राहते आणि मग उन्हात उडून जाते.

आता एक विचित्र दिवस. पाऊस ९६ मिलिमीटर झाला. सूत्राप्रमाणे ४८ × ९४ = ४,५१२ लिटर यायला हवेत. टाकी आदल्या दिवशी साफसफाईसाठी रिकामी केली होती. सकाळी पाहिले, तर पाणी १०९ सेंटीमीटरवर, म्हणजे फक्त ३,२७० लिटर. आलेखावर हा बिंदू रेषेच्या बराच खाली पडतो. टाकी भरून वाहिली म्हणावे, तर वरचे ७१ सेंटीमीटर कोरडेच आहेत. सुमारे १,२०० लिटर पाणी छप्पर आणि टाकी यांच्या दरम्यान कुठेतरी गेले.

दिवसाच्या बेरजेत एक गोष्ट दडून राहते, ती म्हणजे पाऊस किती वेगाने पडला. ९६ मिलिमीटर दिवसभर रिमझिमत पडले, तर पन्हळीला काहीच भार नाही. पण तासाला ६० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळत असेल, तर दर मिनिटाला १ मिलिमीटर पडतो, आणि प्रत्येक पाख्याच्या २७ चौरस मीटरवरून मिनिटाला २७ लिटर पाणी पन्हळीत उतरते. १५ लिटरची बादली जेमतेम अर्ध्या मिनिटात भरेल असा हा लोंढा आहे. पन्हळीला उतार कमी असेल, तिच्या तोंडाशी पाने अडकली असतील, किंवा उतरता नळ बारीक असेल, तर पाणी पन्हळीच्या काठावरून खाली कोसळते. हे सकाळी ओळखता येते. पन्हळीखालची जमीन एखाद्या ठिकाणी खणल्यासारखी उकरलेली दिसेल, आणि त्या भिंतीवर चिखलाचे शिंतोडे नेहमीपेक्षा वर गेलेले असतील. उकरलेली जागा नळाच्या तोंडाशी असेल, तर दोष नळाचा किंवा अडकलेल्या पानांचा. ती पन्हळीच्या मध्यावर असेल, तर पन्हळ तिथे खाली झुकली आहे.

असा बिंदू रेषेवर आणण्यासाठी आकडा खोडू नये. आलेखावर तो तसाच ठेवावा आणि पन्हळ दुरुस्त करावी. पुढच्या मोठ्या पावसाला बिंदू रेषेवर चढला, तर दुरुस्ती झाली.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटत असेल तर वर्षाचा हिशेब मांडू. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस ही काही विशेष गोष्ट नाही. ५४ × ३,००० = १,६२,००० लिटर. हा आकडा ऐकून कोणालाही वाटेल, की या घराला पाण्याची ददात असूच शकत नाही. आणि तरीही याच कोकणात एप्रिल-मे महिन्यांत कितीतरी वाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. आपल्या टाकीत ५,४०० लिटरच मावतात. रिकामी टाकी भरायला आपल्या सूत्राप्रमाणे ११५ मिलिमीटर पाऊस पुरतो, म्हणजे जुलैतले दोन-तीन दिवस. बाकीचा सगळा पाऊस भरलेल्या टाकीवरून वाहून जातो. म्हणून इथे छपराचे क्षेत्रफळ वाढवून काही साधत नाही. खरा प्रश्न असा, की सप्टेंबरअखेर शेवटचा पाऊस होऊन गेल्यावर टाकी काठोकाठ भरलेली असेल, तर ती किती दिवस पुरेल?

घरात पाच माणसे आहेत. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी ५ लिटर धरले, तर रोज २५ लिटर लागतील. ५,४०० ÷ २५ = २१६ दिवस. १ ऑक्टोबरपासून मोजत गेले, की ३० एप्रिलला २१२ दिवस होतात, आणि ४ मेच्या संध्याकाळी टाकी कोरडी पडते. मोसमी पाऊस कोकणात साधारणपणे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. शिवाय पहिल्या एक-दोन सरींचे पाणी टाकीत घ्यायचेच नसते, कारण आठ महिन्यांची धूळ, पाने आणि पक्ष्यांची विष्ठा त्याबरोबर येते. ते नळ वळवून बाहेर सोडायचे असते. (पुढचे पाणीही पिण्यापूर्वी गाळून उकळायचे, हे आहेच.) तेव्हा टाकीला १० जूनपर्यंत पुरायला हवे असे धरू. ५ मेपासून १० जूनपर्यंत ३७ दिवस होतात. ३७ × २५ = ९२५ लिटर कमी पडतात.

९२५ लिटर म्हणजे टाकीच्या ३ चौरस मीटर तळावर सुमारे ३१ सेंटीमीटर पाणी. टाकी बांधताना भिंती एक वीत आणि आणखी थोड्या वर नेल्या असत्या, १.८ ऐवजी सुमारे २.१५ मीटर, तर मे महिना निघाला असता. टाकी बांधून झालेली असेल, तर तोच हिशेब उलटा करा: २५३ दिवस ५,४०० लिटर पुरवायचे, तर रोज २१ लिटरच काढता येतील. काठीवर खुणा करून ठेवल्या, तर ३१ जानेवारीच्या संध्याकाळी पाणी ९४ सेंटीमीटरच्या वर आहे की नाही, हे कोणीही पाहू शकेल.